मॅट: पुढे ढकललेला कर आणि माफ झालेला कर



अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या एकूण स्थितीवर बोलावं असा प्रघात आहे. आज तो बाजूला ठेवून मी एकाच विषयावर बोलणार आहे: किमान पर्यायी कर, म्हणजे मॅट. या शहरात बसून त्यावर बोलावं असं वाटण्याला कारण आहे. मॅटचा खरा स्वभाव देशात सर्वांत स्पष्ट दिसला तो बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या ताळेबंदांत. मी कलमांचे क्रमांक सांगेन ते आपल्या हाताला सवय असलेल्या १९६१ च्या कायद्याचे असतील आणि प्रत्येक उदाहरणात दर त्या त्या वर्षाचा असेल. आकडेमोड डोक्यात राहावी म्हणून अधिभार आणि उपकर मी सगळीकडे बाजूला ठेवतो.

मुळात कंपनी नफा दोनदा मोजते. एकदा कंपनी कायद्याप्रमाणे, भागधारकांसाठी. हा नफा वार्षिक सभेत मंजूर होतो, त्यातून लाभांश दिला जातो, तोच दाखवून बँकेकडे कर्ज मागितलं जातं. दुसऱ्यांदा आयकर कायद्याप्रमाणे. तिथे सरकारने ज्या कामाला उत्तेजन द्यायचं ठरवलं असेल त्याच्या वजावटी मिळतात, घसारा वेगळ्या दराने मिळतो, काही उत्पन्न करातून पूर्ण वगळलं जातं. दोन्ही हिशेब कायदेशीर आणि दोन्ही खरे. पण पहिल्यात वीस कोटी नफा आणि दुसऱ्यात शून्य उत्पन्न असं वर्षानुवर्षं चालू राहिलं, तेव्हा ‘शून्य कर कंपन्या’ हा शब्द संसदेपर्यंत पोचला.

त्यावर सरकारने काढलेला पहिला उपाय मॅट नव्हता. १९८३ मध्ये ८०व्हीव्हीए हे कलम आलं. काही ठरावीक वजावटी मिळून उत्पन्नाच्या सत्तर टक्क्यांच्या वर जाऊ नयेत, एवढंच ते सांगत होतं. यादीत नसलेल्या सवलती त्यातून सुटायच्या. १९८७ च्या अर्थसंकल्पात कलम ११५जे आलं आणि दिशा बदलली. वजावटी मोजत बसण्यापेक्षा भागधारकांना दाखवलेला नफाच धरायचा आणि त्याच्या तीस टक्क्यांना किमान उत्पन्न मानायचं. मॅटचा पाया तो. पुस्तकी नफा ही मोजपट्टी तेव्हापासून आजवर टिकून आहे.

इथे एका मराठी अर्थमंत्र्यांचा उल्लेख केला पाहिजे. १९९० मध्ये मधू दंडवते यांनी ११५जे बंद केलं. कोकणातल्या राजापूरचा हा समाजवादी खासदार. त्यांनी कंपन्यांवरचा किमान कर का काढावा, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर त्याच अर्थसंकल्पात आहे. त्यांनी कंपनी कराचा दर पन्नासवरून चाळीस टक्क्यांवर आणला आणि गुंतवणुकीवरच्या मोठ्या वजावटी काढून टाकल्या. वजावटीच गेल्यावर दोन नफ्यांमधली दरी आटते आणि किमान कराला काम उरत नाही. सहा वर्षांनी सवलतींचा डोंगर पुन्हा उभा राहिला होता, तेव्हा १९९६ मध्ये पी. चिदंबरम यांनी ११५जेए आणलं. २००० मध्ये त्याच्या जागी ११५जेबी आलं. मॅटचा सगळा इतिहास मला या एका नात्यात दिसतो: सवलती वाढल्या की तो येतो, कमी झाल्या की जातो.

आता मुख्य मुद्दा. ‘भरपूर वजावटी असल्या तरी नफ्यातल्या कंपनीने काहीतरी भरलं पाहिजे’ हे वाक्य आपण सहज उच्चारतो. पण वजावटी दोन जातीच्या असतात आणि मॅट त्या दोघींना अगदी वेगळा लागतो. एक वजावट कर पुढे ढकलते. दुसरी कर कायमचा माफ करते.

पहिलीसाठी चाकणचा एखादा कारखाना घ्या, २०१९ नंतरचा. शंभर कोटींची यंत्रं आली. घसाऱ्याआधी नफा सत्तावीस कोटी. पुस्तकांत घसारा सात कोटी, म्हणून पुस्तकी नफा वीस. आयकरात पहिल्या वर्षी पंधरा टक्के नेहमीचा आणि वीस टक्के जादा, असा पस्तीस कोटी घसारा मिळतो. सत्तावीसातून पस्तीस गेले, म्हणजे करपात्र उत्पन्न शून्य आणि आठ कोटी पुढच्या वर्षासाठी शिल्लक. नेहमीचा कर शून्य. मॅट वीस कोटींवर पंधरा टक्क्यांनी तीन कोटी. कारखानदार म्हणतो, सरकारने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

पण हेच उदाहरण पुढे चालवा. दुसऱ्या वर्षी आयकरातला घसारा पंचवीस लाख कमी दहा कोटींवर येतो. तो आणि मागचे आठ कोटी वजा केल्यावर सव्वानऊ कोटी उत्पन्न राहतं. तीस टक्क्यांनी कर पावणेतीन कोटींच्या किंचित वर जातो. मॅट अजूनही तीन कोटी असल्याने थोडा फरक पुन्हा जमा होतो. तिसऱ्या वर्षी चित्र उलटतं. आयकरातला घसारा सव्वाआठ कोटींच्या आसपास येतो आणि नेहमीचा कर पाच कोटी साठ लाखांच्या पुढे जातो. आता जुनं मॅट क्रेडिट वापरता येतं, पण नेहमीचा कर आणि त्या वर्षीचा मॅट यांच्यातल्या फरकापुरतंच, म्हणजे सुमारे दोन कोटी साठ लाख. उरलेलं चौथ्या वर्षी संपतं. चार वर्षांत हिशेब फिटला. कारखान्याने मॅट म्हणून जे जास्त भरलं ते त्याच्याच पुढच्या कराची उचल होती. त्याचं नुकसान झालं ते फक्त मधल्या काळातल्या व्याजाचं.

आता आपल्या शहरात या. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमध्ये नोंदलेल्या युनिटला कलम १०ए खाली निर्यातीच्या नफ्यावर करमाफी होती. हा घसाऱ्यासारखा पुढे ढकललेला कर नव्हता, तो माफच होता, पुढे कधीच उलटणार नव्हता. ११५जेबीच्या पहिल्या काही वर्षांत हे उत्पन्न पुस्तकी नफ्यातूनही वगळलेलं होतं, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांना मॅट फारसा भेटलाच नव्हता. २००७ च्या अर्थसंकल्पाने ही वगळणूक काढली. १०एची माफी तशीच राहिली, पण २००७-०८ या आर्थिक वर्षापासून तो नफा मॅटच्या मोजणीत आला. २०११ च्या अर्थसंकल्पाने विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे सेझमधल्या युनिटांनाही तेच लागू केलं.

एक मध्यम आकाराची बंगळुरूची कंपनी कल्पनेत धरू. पुस्तकी नफा दरवर्षी वीस कोटी. त्यातला निर्यातीचा भाग १०एखाली माफ. बँकेतल्या ठेवींचं व्याज आणि देशांतर्गत थोडं काम मिळून करपात्र उत्पन्न एक कोटी वीस लाख, त्यावर तीस टक्क्यांनी कर छत्तीस लाख. २००६-०७ पर्यंत ती एवढंच भरत होती. २००७-०८ ला मॅट दहा टक्के, म्हणजे दोन कोटी. एक कोटी चौसष्ट लाखांचं क्रेडिट जमा. पुढचं वर्षही तसंच. २००९-१० ला दर पंधरा टक्के झाला, २०१०-११ ला अठरा. नफा तोच धरला तर चार वर्षांत जमा क्रेडिट नऊ कोटी सोळा लाख.

३१ मार्च २०११ ला १०एची मुदत संपली. इथून या कंपनीसमोर दोन वाटा होत्या आणि या शहराने दोन्ही पाहिल्या.

पहिल्या वाटेने गेलेल्या कंपनीने आहे त्याच जागी काम चालू ठेवलं. सगळे वीस कोटी करपात्र झाले, कर सहा कोटी. मॅटचा दर तोवर साडेअठरा टक्के झाला होता, म्हणजे तीन कोटी सत्तर लाख. फरक दोन कोटी तीस लाख, दरवर्षी तेवढं क्रेडिट वापरता आलं. चार वर्षांत नऊ कोटी सोळा लाख फिटले. गंमत बघा, माफीच्या शेवटच्या चार वर्षांत मॅट म्हणून सरकारने जे जास्त घेतलं ते पुढच्या चार वर्षांत परत केलं. म्हणजे जो मॅट माफीला छेद देणारा वाटत होता तो या कंपनीपुरता उचल ठरला, कारण माफीच संपणार होती.

दुसऱ्या वाटेने गेलेल्या कंपनीने नवं काम सेझमध्ये नेलं. तिथे कलम १०एएखाली पहिली पाच वर्षं पूर्ण आणि पुढची पाच वर्षं निम्मी माफी. समजा नव्या युनिटचे चौदा कोटी माफ झाले आणि सहा कोटी करपात्र राहिले. नेहमीचा कर एक कोटी ऐंशी लाख, मॅट तीन कोटी सत्तर लाख. क्रेडिट वापरायची वेळच येत नाही, उलट वर्षाला एक कोटी नव्वद लाखांनी ते वाढतं. एका युनिटची माफी उतरायला लागली की दुसरं युनिट उघडतं आणि क्रेडिट पुन्हा वाढतं. या कंपनीसाठी साडेअठरा टक्के हाच खरा कराचा दर झाला. ताळेबंदात ‘मॅट क्रेडिट’ नावाची मालमत्ता दिसते, पण ती कधी वापरली जाईल हे कंपनीच्या सेझमधल्या पुढच्या योजनांवर अवलंबून.

म्हणून मॅटबद्दल माझं मत असं आहे. कर पुढे ढकलणाऱ्या वजावटीवर मॅट लावणं रास्त होतं, कारण तिथे तो वेळेची किंमत घेत होता आणि बाकी परत करत होता. पण जिथे सरकारने ठरावीक मुदतीसाठी करमाफीचा शब्द दिला आणि त्या शब्दावर कुणी इमारती बांधल्या, तिथे मुदतीच्या मध्येच मॅट आणणं म्हणजे दिलेली माफी न सांगता कमी करणं. २०११ चा सेझवरचा मॅट मला त्या कारणाने अजून पटत नाही. माफी जड वाटत असेल तर नव्या युनिटांना ती कमी द्यावी, मुदत छोटी करावी. तेवढं धैर्य सरकारने दाखवायला हवं होतं. दुसऱ्या बाजूने हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणतो की वीस कोटींचा नफा जाहीर करणाऱ्या कंपनीने छत्तीस लाखांवर थांबावं, ही स्थिती कुठल्याच देशाच्या तिजोरीला फार काळ परवडणारी नव्हती. तिच्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापला जाणारा टीडीएस त्याहून कितीतरी पट होता.

२०१९ ने या हिशेबाला नवं वळण दिलं. २० सप्टेंबरच्या अध्यादेशाने मॅट पंधरा टक्क्यांवर आणला आणि त्याचबरोबर ११५बीएए हे कलम आणलं: बहुतेक वजावटी सोडा, बावीस टक्के कर भरा, मॅट लागणार नाही. दंडवत्यांच्या १९९० च्या तर्काशी याचं नातं उघड आहे, फरक इतकाच की इथे निवड कंपनीवर सोडली. पण ही निवड केली की मागे घेता येत नाही आणि साठलेलं मॅट क्रेडिटही जायचं, हे त्याच ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं. त्यामुळे आपल्या दुसऱ्या कंपनीला वीस कोटींवर चार कोटी चाळीस लाख भरण्यापेक्षा जुन्या पद्धतीत तीन कोटी मॅट भरणं स्वस्त होतं. सेझची माफी संपल्यावरसुद्धा क्रेडिट शिल्लक असेपर्यंत सहा कोटींतून तीन कोटी वळते करून हातचा कर तीन कोटींवरच राहत होता. ज्यांच्याकडे क्रेडिट मोठं होतं त्यांनी नवा दर लगेच का घेतला नाही, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. क्रेडिटला पंधरा वर्षांची मुदत होती हे मात्र विसरायचं नाही. जुनं क्रेडिट आधी वापरायचं आणि कुठल्या वर्षाचं किती उरलं याचा वर्षवार तक्ता ठेवायचा.

आता एका वेगळ्या प्रकारच्या कंपनीकडे येतो, कारण आज आपल्यातल्या तरुण मंडळींकडे तीच जास्त येते. माझ्याकडे काम शिकणारा बेळगावचा एक मुलगा नफ्या-तोट्याचा तक्ता घेऊन आला. एचएसआर लेआउटमधली स्टार्टअप, पहिल्यांदा नफ्यात, नफा पाच कोटी. तो म्हणाला, “सर, मागचा तोटा तेरा कोटी आहे. कर शून्यच येणार ना?” नेहमीच्या कराचं त्याचं बरोबर होतं. मी त्याला तेरा कोटींची फोड करायला सांगितली. घसाऱ्याआधीचा तोटा बारा कोटी, घसारा एक कोटी. स्टार्टअपचा पैसा पगार, जाहिरात आणि सर्व्हरच्या भाड्यात जातो, यंत्रं अशी नसतातच. आणि मॅटचा नियम असा की पुस्तकांतला मागचा तोटा किंवा मागचा घसारा, यांतला जो कमी तेवढाच पुस्तकी नफ्यातून वजा होतो. म्हणजे एक कोटी. चार कोटींवर पंधरा टक्के, साठ लाख.

त्याने पुन्हा विचारलं, “पण यांना स्टार्टअपची सूट आहे, सर. ८०आयएसी.” ती सूट नेहमीच्या करापुरती आहे, मॅटला ती अडवत नाही. या कंपनीसमोर मग प्रश्न उभा राहिला: ११५बीएए घेतलं तर मॅट जातो आणि मागचा तोटा तसाच वापरता येतो, पण ८०आयएसी कायमची सोडावी लागते. मागचा तोटा संपायला किती वर्षं, सुटीच्या तीन वर्षांत अपेक्षित नफा किती, हे मांडल्याशिवाय याला उत्तर नाही. आम्ही तक्ता मांडला. पुढच्या दोन वर्षांत सगळा नफा मागच्या तोट्यातच जाणार होता, त्यानंतरच्या नफ्याची खात्री संस्थापकांनाच नव्हती. त्यांनी ११५बीएए घेतलं. दुसऱ्या एखाद्या कंपनीत, जिथे तोटा थोडा आणि नफा वेगाने वाढणारा, हाच तक्ता उलटं उत्तर देईल. एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखी: निवडीचा १०-आयसी हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीत भरला नाही तर सगळी आकडेमोड वाया जाते.

पुस्तकी नफ्यात कर अधिकाऱ्याला किती हात घालता येतो, हाही प्रश्न नेहमी येतो. २००२ मध्ये अपोलो टायर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनी कायद्याप्रमाणे तयार झालेली, लेखापरीक्षकाने प्रमाणित केलेली आणि सभेत मंजूर झालेली पुस्तकं अधिकाऱ्याला पुन्हा लिहिता येणार नाहीत. कलमात दिलेल्या वाढी आणि घटी, उदाहरणार्थ आयकराची तरतूद परत मिळवणं, राखीव निधीत टाकलेली रक्कम परत मिळवणं, एवढंच तो करू शकतो. या निकालाने आपली जबाबदारी वाढली असं मी मानतो. जो नफा बदलता येणार नाही, त्यावर सही आपली असते आणि मॅटच्या २९बी या दाखल्यावरही आपलीच.

आगाऊ कराची गोष्ट तर या शहराच्या नावावरच आहे. क्वालिटी बिस्किट्सच्या खटल्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने २००० मध्ये म्हटलं की पुस्तकी नफा वर्ष संपल्यावरच ठरतो, म्हणून ११५जे खाली आगाऊ कर कमी भरल्याचं व्याज लागणार नाही. इथल्या कंपन्या बरीच वर्षं त्यावर विसंबून राहिल्या. ७ जानेवारी २०११ रोजी मुंबईच्या रोल्टा इंडियाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ११५जेबीला कायद्याच्या बाकी तरतुदी लागू आहेत आणि म्हणून मॅटवरही आगाऊ कर भरलाच पाहिजे. कर्नाटकाचा तर्क मला माणूसपणाचा वाटतो, पण व्यवहारात रोल्टाचंच पटतं. कंपनीचा वित्त विभाग दर महिन्याला संचालकांना नफ्याचा अंदाज देतो, मग जूनच्या पंधरा तारखेला तोच अंदाज करासाठी का वापरू नये? त्या एचएसआरच्या कंपनीने ११५बीएए घेतलं नसतं, तर तिला साठ लाखांपैकी नऊ लाख जूनमध्ये, सत्तावीस लाखांपर्यंत सप्टेंबरमध्ये, पंचेचाळीस डिसेंबरमध्ये आणि सगळे मार्चच्या मध्यापर्यंत भरावे लागले असते. ‘आपल्याला तोटा आहे’ या समजुतीत पहिले तीन हप्ते गेले असते आणि व्याज लागलं असतं.

उद्या सकाळच्या सत्रात आपण वार्षिक अहवालांतली कराची टिपणं वाचणार आहोत. माझी विनंती आहे की प्रत्येकाने आपल्या एका ग्राहकाचं टिपण आणावं आणि त्यात दोन आकडे शोधावेत: मॅट क्रेडिट वर्षवार किती आणि ते वापरता येईल याचा पुरावा म्हणून व्यवस्थापनाने कोणत्या वर्षापर्यंतचा नफा धरला आहे. ज्या टिपणात पहिला आकडा आहे आणि दुसरा नाही, त्यावर आधी बोलू.